सभेतील क्रमागत भाषांतर : टिपणे, चिन्हे आणि भाषणाचे खंड

एका भाषेत झालेले भाषण ऐकून ते संपल्यावर, अथवा त्याचा एखादा भाग संपल्यावर, दुसऱ्या भाषेत तोंडी मांडणे याला क्रमागत भाषांतर म्हणतात. वक्त्याच्या बरोबरीने बोलण्याच्या समकालिक पद्धतीहून ते निराळे आहे. १९१९ च्या पॅरिस येथील शांतता परिषदेत पॉल मान्तू यांनी फ्रेंच व इंग्रजी या भाषांमध्ये हेच काम केले. १९४५–४६ च्या न्यूरेंबर्ग खटल्यानंतर मोठ्या परिषदांतून समकालिक पद्धतीचे वर्चस्व झाले. तथापि जेथे श्रवणयंत्रे व बंदिस्त कक्ष नेता येत नाहीत तेथे जुनी पद्धतच टिकून राहिली. गावचा पार, शाळेची ओसरी, शेततळ्याचा बांध ही तिची आजची खरी क्षेत्रे होत.

जालना जिल्ह्यात असे प्रसंग वारंवार येण्याजोगे आहेत. निजामाच्या राजवटीत कचेरीची भाषा उर्दू व गावाची मराठी असल्याने दुभाष्याचे काम कोणी ना कोणी करीतच असे. पुढे जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली काम झाले. या कार्यक्रमास जर्मनीकडून अर्थसाहाय्य मिळाले आणि गावांना श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या अटी मान्य कराव्या लागल्या. २०१८ मध्ये सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्या कर्जावरील नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही या जिल्ह्याचा समावेश होता. अशा कार्यक्रमांत परदेशी पाहुणा आणि शेतकरी समोरासमोर बसतात, आणि गावाने अट मान्य केली की नाही याचा निवाडा दुभाष्याच्या तोंडून निघालेल्या वाक्यावर होतो. म्हणून येथे विवेचनासाठी चराईबंदीच्या सभेचेच उदाहरण घेतले आहे. पुढील भाषण रचलेले आहे. परंतु त्यातील अडचणी रचलेल्या नाहीत.

वरच्या वाडीतील एक शेळीपालक उभा राहून म्हणतो : “आमच्या वाडीत अडीचशे शेळ्या आहेत. चराईबंदी झाली, तर ज्यांना शेत नाही त्यांनी त्या कुठं न्यायच्या? बंदीला आमचा विरोध नाही. पण पायथ्याचं पाऊणशे एकर गायरान, गवत वाढेपर्यंत, पहिली दोन वर्षं उघडं ठेवलं तर आम्ही श्रमदानाला येऊ, नाही तर येणार नाही. गेल्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी दोन परस खाली गेलं, म्हणून हे काम आम्हाला हवंच आहे.”

भाषण अर्ध्या मिनिटाचे आहे. स्मरणशक्ती चांगली असणारा मनुष्य टिपणावाचूनही त्याचा सारांश सांगू शकेल, आणि धोका नेमका तेथेच आहे. घाईत सांगितलेला सारांश दोनपैकी एक होतो : ‘वाडीचा बंदीला विरोध आहे’ किंवा ‘वाडी बंदीला तयार आहे’. दोन्ही खोटे आहेत. वक्त्याने सशर्त संमती दिली आहे, आणि ती अट भूमिहीनांच्या शेळ्यांची आहे.

दुभाष्याने प्रथम कान लावून खंड पाडावे लागतात. खंड म्हणजे वाक्य नव्हे, तर एक विचार होय. वरील भाषणात खंड चार : परिस्थिती व तिच्यातून उठणारा प्रश्न, भूमिका, अट, कारण. मराठीचे क्रियापद आणि नकार हे दोन्ही शेवटी येत असल्यामुळे खंडाची सीमा वाक्याच्या शेपटीशी असते. ‘बंदीला आमचा विरोध’ एवढे ऐकून ज्याने लेखणी उचलली त्याने ‘नाही’ येण्यापूर्वीच चुकीचा अर्थ नोंदविला. म्हणून मराठीतून इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये जाणाऱ्याने लिहिण्यात एक पाऊल मागे राहावे. नावे व आकडे मात्र कानी पडताच लिहावेत, कारण त्यांना मागचा-पुढचा संदर्भ सावरून धरीत नाही.

वक्त्याला मध्येच थांबवायचे झाल्यास तेही पूर्ण क्रियापदानंतरच करावे. ‘-ऊन’, ‘-ल्यामुळे’, ‘तर’ यांवर तोडले की अर्धा विचार परक्या भाषेत जातो व उरलेल्या अर्ध्याला पुढे आधार राहत नाही. सभेपूर्वी वक्त्याशी खुणेचा ठराव करून ठेवणे हा यावरचा साधा उपाय. भावनेच्या भरात बोलणाऱ्यास हाताने थोपविण्यापेक्षा दोन-तीन मिनिटे बोलू द्यावे हे बरे. त्यासाठीच टिपणांचा खटाटोप असतो.

टिपणपद्धतीचे पहिले सुसंगत विवेचन जाँ-फ्रांस्वा रोझाँ यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लहानशा फ्रेंच पुस्तकात केले. त्यांची तत्त्वे सात व चिन्हे अवघी वीस. शब्द न टिपता कल्पना टिपावी, कल्पनांना जोडणारे दुवे न चुकता लिहावेत, नकार व जोर स्पष्ट दाखवावा, आणि मजकूर आडव्या ओळीत न लिहिता वरून खाली, उजवीकडे सरकत उतरवावा, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. लघुलेखनाशी याचा संबंध नाही. लघुलेखक प्रत्येक ध्वनी टिपतो आणि नंतर निवांतपणे उलगडतो. दुभाष्याला उलगडण्यास अवधीच नसतो.

उपरोक्त भाषणाचे टिपण साधारणतः असे होईल :

वाडी↑ : २५० शेळ्या
      ⊘चराई
            शेत ० → कुठे ?
――――――
आ(वाडी) विरोध ×
――――――
पण
      जर ७५ ए. गायरान उघडे
            २ व. (गवत ↑ पर्यंत)
      → आ(वाडी) श्रम ✓
      नाही तर → श्रम ×
――――――
∵ गे. उन्हाळा : विहीर ↓ २ परस
      → काम हवे (दोन अधोरेखा)

यातील चिन्हांत गूढ काही नाही. बाण वाढ, घट किंवा परिणाम दाखवितात. ‘∵’ म्हणजे ‘कारण’. बंदी आणि नकार यांना दोन वेगळी चिन्हे दिली आहेत, हे मात्र सहेतुक आहे. ‘बंदी’ हा स्वतःच निषेध. तिला ‘विरोध’ हा दुसरा आणि ‘नाही’ हा तिसरा. तिन्हींना एकच फुली वापरली तर टिपण वाचताना दुभाष्या फुल्या मोजीत बसेल. ‘पण’ आणि ‘नाही तर’ हे दुवे अक्षरांत व समासालगत लिहिले आहेत. कारण खंडांचा परस्परसंबंध स्मृतीतून प्रथम निसटतो. उजवीकडे सरकलेल्या ओळी आपल्या वरच्या ओळीवर अवलंबून आहेत, हे डोळ्याला न वाचताच कळते.

संक्षेपाविषयी रोझाँ यांची एक सूचना देवनागरीस चांगली लागू पडते. शब्दाचे नुसते आरंभीचे तुकडे लिहू नयेत; आरंभ व शेवट लिहावा. ‘उत्पा’ या तुकड्यातून उत्पादन, उत्पादक की उत्पादकता हे कळत नाही. ‘उ’ वर लहान ‘न’, ‘क’ किंवा ‘ता’ काढल्यास तिन्ही वेगळे होतात. मराठीत विभक्ती व प्रत्यय शब्दाच्या शेवटी असल्याने ही युक्ती दुप्पट उपयोगी पडते.

आता आकड्यांकडे वळू. ‘अडीचशे’, ‘पाऊणशे’ हे शब्द ऐकताच अंकांत उतरविले पाहिजेत. ‘पाऊणशे’ म्हणजे ७५ आणि ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५. गोंगाटात पहिल्याचा दुसरा झाला तर शंभर एकर गायरानाचा फरक पडतो. पाहुण्याला हेक्टर समजत असल्यास ७५ एकर म्हणजे सुमारे ३० हेक्टर असे सांगता येईल, परंतु हे गणित टिपण घेताना करू नये. ऐकणे तेवढ्या वेळापुरते बंद पडते. ‘परस’ हे माप माणसाच्या उंचीवरून आले असल्यामुळे ‘दोन पुरुष खोल’ एवढेच सांगणे योग्य. दोन परसांचे दशांश चिन्हांकित मीटर केले तर वक्त्याने न केलेली मोजणी त्याच्या नावावर चढते.

सर्वांत सूक्ष्म अडचण ‘आम्ही’ या सर्वनामाची आहे. मराठीत ‘आपण’ म्हटल्याने ऐकणाराही सामील होतो, ‘आम्ही’ म्हटल्याने तो बाहेर राहतो. इंग्रजीत व जर्मनमध्ये दोहोंस एकच शब्द. दुभाष्या रीतीप्रमाणे प्रथमपुरुषी बोलतो. त्याने त्या भाषेतील प्रथमपुरुषी अनेकवचन वापरून ‘आम्ही श्रमदानाला येऊ’ असे सांगितले, की पाहुणा ते साऱ्या गावाचे वचन समजतो. वक्ता तर केवळ वरच्या वाडीतील शेळीवाल्यांच्या वतीने बोलत होता. खालच्या गल्लीतील बागायतदारांची अट वेगळी असेल, किंवा नसेलही. म्हणून टिपणात ‘आ(वाडी)’ अशी खूण आहे, आणि भाषांतरात ‘आम्ही, वरच्या वाडीतील शेळ्या पाळणारे’ असे पहिल्याच वेळी म्हणणे अवश्य आहे. हे पदरचे भर घालणे नव्हे. मूळ भाषेच्या व्याकरणाने सांगितलेलेच दुसऱ्या भाषेत शब्दांनी सांगणे होय.

हे टिपण हाती असता भाषांतर सरळ होते. दुभाष्या वर पाहून पहिला खंड सांगतो, खाली नजर टाकून दुसरा उचलतो. भूमिकेचा खंड स्वतंत्र वाक्यात, पूर्णविरामासह यावा. त्यानंतर किंचित थांबून ‘परंतु’ म्हणावे. इंग्रजीत अट आधी किंवा नंतर कोठेही ठेवता येते, तथापि ‘नाही तर येणार नाही’ हे गाळण्याचा मोह टाळावा. सभ्यतेपोटी तो भाग बहुधा गळतो, आणि गळला म्हणजे अट विनंती बनते.

दोष कोठे शिरला हे दुभाष्याच्या बोलण्यावरून ओळखता येते. कागद गच्च भरला असेल आणि तोंडातून मात्र नामांची माळ निघत असेल, तर त्याने शब्द टिपले, विचार ऐकला नाही. डॅनियल गिल यांच्या मांडणीनुसार ऐकणे, टिपणे व स्मरणात धरणे ही कामे एकाच मर्यादित अवधानावर ओढ घेतात. लेखणी जास्त धावली की कान तेवढा मंदावतो. मध्येच कागदाकडे टक लावून थांबणे हे बहुधा आयत्या वेळी बनविलेल्या चिन्हाचे लक्षण : अर्ध्या मिनिटापूर्वीचा तो त्रिकोण गायरान होता की ग्रामपंचायत, हे आठवत नाही. नवे चिन्ह सभेत काढू नये. घरी सरावाने हातात बसलेली थोडी चिन्हे पुरतात. भाषांतर मूळ भाषणाहून लांबू लागले, तर दुभाष्या वाट चाचपडत आहे असे समजावे.

पद्धतीला मर्यादाही आहेत. गावच्या सभेत चौघे एकदम बोलू लागले की टिपणे निरुपयोगी होतात. तेव्हा दुभाष्याने अध्यक्षाकडे वळून एकेकास बोलू देण्याची विनंती करावी आणि आपण ती विनंती केल्याचे पाहुण्यासही सांगावे. ‘विरोध नाही’ असे म्हणताना वक्त्याने मान फिरविली असेल, तर त्यासाठी चिन्ह नाही. दुभाष्याने ते पाहिले असले तरी ते सांगण्याचा अधिकार त्याला पोहोचतो की नाही, यावर या क्षेत्रातील जाणत्यांत एकमत नाही. एवढे मात्र तो करू शकतो : ‘पण’ पूर्वीचा विराम जेवढा होता तेवढाच ठेवणे.