गरज माणसाची, क्रियापद वस्तूचं

‘बाबांना सकाळी चहा लागतो’ आणि ‘आईला सकाळी चहा लागतो’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. बाबांच्या जागी आई आली, तरी ‘लागतो’ हललं नाही. आता माणूस तोच ठेवून वस्तू बदलू. बाबांना चहा लागतो, कॉफी लागते, दूध लागतं, दोन पोळ्या लागतात. चहा पुल्लिंगी, कॉफी स्त्रीलिंगी, दूध नपुंसकलिंगी, पोळ्या अनेकवचनी, आणि क्रियापद प्रत्येक वेळी त्यांच्यामागे गेलं. गरज बाबांची आहे, पण ‘बाबां’ना ‘ना’ हा चतुर्थीचा प्रत्यय लागला आणि क्रियापदाशी त्यांचं नातं तुटलं. मराठी क्रियापद सहसा प्रत्यय न लागलेल्या नामाचं ऐकतं. या वाक्यांत असं नाम एकच आहे, ते वस्तूचं.

ती वस्तू म्हणजे एखादा माणूसच असेल, तर हे नातं आणखी ठळक दिसतं. घरातला मुलगा म्हणतो, ‘आजीला प्रत्येक कामाला मीच लागतो.’ त्याची बहीण म्हणेल, ‘मीच लागते.’ गरज आजीची, तरी क्रियापदात प्रथमपुरुष आला आणि बोलणाऱ्याचं लिंगही उमटलं. ‘तिला तू लागतोस’ या वाक्यात शेवटचा ‘स’ येतो तो ‘तू’मुळे. म्हणजे लिंग, वचन आणि पुरुष या तिन्ही बाबतींत ‘लागणे’ हे गरजेच्या गोष्टीशी जुळतं.

‘पाहिजे’ही त्याच वाटेनं जातं, पण त्याचं जुळणं कमी ठिकाणी दिसतं. चहा पाहिजे, कॉफी पाहिजे, दूध पाहिजे. लिंग बदललं तरी रूप एकच. अनेकवचनात मात्र ‘मला दोन पोळ्या पाहिजेत’ असा ‘त’ येतो आणि ‘मला तू पाहिजेस’ यात ‘स’. याचं कारण या शब्दाच्या घडणीत आहे. ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत धातूला ‘इजे’ जोडून कर्मणी रूप करत. ‘कीजे’ म्हणजे ‘केलं जातं’, ‘जाणिजे’ म्हणजे ‘जाणलं जातं’. आजचं ‘म्हणजे’ त्याच घराण्यातलं, आणि ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चं तसलंच रूप. या जुन्या रूपांत वचन आणि पुरुष दिसत, लिंग दिसत नसे. ती पद्धत भाषेतून गेली, पण ‘पाहिजे’ आपल्या जुन्या सवयींसह टिकून राहिलं. कर्मणी रचनेत क्रियापद कर्माशी जुळतं, म्हणून ‘पाहिजे’ आजही माणसाला सोडून वस्तूकडे पाहतं. गुजरातीतलं ‘जोईए’सुद्धा पाहण्याच्याच क्रियापदापासून आलं आहे, आणि तिथेही माणूस ‘मने’ म्हणजे ‘मला’ असाच येतो.

मग या वाक्यांत कर्ता कोण? शाळेत कर्ता शोधायची एक युक्ती शिकवतात. धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण?’ असं विचारायचं. लागणारा कोण? चहा. त्या हिशेबानं चहाच कर्ता ठरतो, आणि क्रियापद त्याच्याशी जुळतं म्हणून हे उत्तर बरोबरही आहे. पण ‘घरी येऊन मला स्वयंपाक करावा लागतो’ हे वाक्य घ्या. घरी येणारा कोण? स्वयंपाक नव्हे, मी. तसंच, ‘आपला’ हा शब्द एरवी कर्त्याकडे बोट दाखवतो. ‘रामाने शामला आपलं पुस्तक दिलं’ म्हटलं की पुस्तक रामाचं असतं. आता ‘प्रत्येकाला आपली हक्काची जागा पाहिजे’ यात ‘आपली’ कोणाची? प्रत्येकाची, म्हणजे चतुर्थीतल्या माणसाची. थोडक्यात, या रचनेत कर्त्याची कामं वाटली गेली आहेत. क्रियापदाचं रूप वस्तू ठरवते, आणि ‘येऊन’, ‘आपला’ यांसारखे शब्द माणसाकडे पाहतात. ‘मला’ हाच कर्ता की ‘चहा’ हाच, या वादात दोन्ही बाजूंकडे पुरावा असतो, तो यामुळे. चतुर्थीतल्या माणसाची अशी रचना हे दक्षिण आशियातल्या भाषांना जोडणारं एक लक्षण आहे. कन्नडमध्येही ‘मला पाहिजे’ला ‘ननगे बेकु’ म्हणतात, आणि ‘ननगे’ म्हणजे ‘मला’च.

वस्तूच्या जागी एखादी क्रिया आली की हे जुळणं वाक्यात दोन ठिकाणी दिसतं. ‘मला स्वयंपाक करावा लागतो, भाजी आणावी लागते, पाणी भरावं लागतं, पोळ्या कराव्या लागतात.’ ‘करावा’पासून ‘लागतो’पर्यंत सगळं कर्माप्रमाणे बदलतं. वाक्यात कर्मच नसेल, तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं: ‘मला जावं लागतं.’ कर्म असूनही त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ लागला, तरी तेच घडतं. ‘मला मुलं सांभाळावी लागतात’ आणि ‘मला मुलांना सांभाळावं लागतं’ यांत मुलं तीच आणि काम तेच. दुसऱ्या वाक्यात मात्र ‘मी’ आणि ‘मुलं’ दोघांनाही प्रत्यय लागला. जुळायला बिनप्रत्ययाचं नामच उरलं नाही, तेव्हा क्रियापद ‘लागतं’वर स्थिरावलं. पहिलं वाक्य कर्मणीच्या वळणाचं आहे, दुसरं भावेच्या.

मराठी नव्यानं शिकणाऱ्याची पहिली चूक असते ‘मी चहा पाहिजे’. इंग्रजीसारख्या भाषेत हवं असणारा माणूसच कर्ता असतो, तोच हिशेब इथे लावला जातो. पण घरात मराठी बोलणारे आपणही एक चूक सर्रास करतो, विशेषतः लिहिताना. ‘सर्वांनी नियम पाळले पाहिजे’ असं सूचनाफलकांवर आणि बातम्यांत दिसतं. ‘नियम’ अनेकवचनी आहे, त्याच्याशी जुळून ‘पाळले’ झालं, मग पुढे ‘पाहिजेत’च यायला हवं. बोलताना हा ‘त’ अनेक ठिकाणी गळतो आणि ऐकणाऱ्याला खटकत नाही. प्रमाण लेखनात मात्र अर्धं क्रियापद जुळलेलं आणि अर्धं तसंच राहिलेलं दिसतं. उलट चूकही होते. ‘मला ती पुस्तकं पाहिजेत होती’ हे चुकीचं आहे. ‘होती’मध्ये अनेकवचन आलेलं असल्यानं ‘पाहिजे होती’ एवढंच पुरतं. नकारात ‘पोळ्या नकोत’ आणि ‘पोळ्या लागत नाहीत’ असं म्हणायचं. तिथे ‘लागत’ बदलत नाही, अनेकवचन ‘नाहीत’वर येतं.

शंका आली, तर एवढं करा. वाक्यातल्या प्रत्येक नामाकडे बघा, आणि ज्याला ‘ला’, ‘ना’, ‘ने’, ‘नी’ असं काही लागलं आहे ते बाजूला ठेवा. ‘मी’ आणि ‘आपण’ यांना ‘ने’ उघड दिसत नाही, म्हणून ‘मी पुस्तकं वाचली पाहिजेत’सारख्या वाक्यात तेही बाजूला ठेवा. जे बिनप्रत्ययाचं नाम उरेल, त्याच्याशी क्रियापद जुळवा. काहीच उरलं नाही, तर नपुंसकलिंगी एकवचन वापरा. आणि उरलेलं नाम अनेकवचनी असेल, तर ‘पाहिजे’वरचा ‘त’ लिहायला विसरू नका.