पिन आधी की बटण आधी?

मित्राकडे ठिबक सिंचनाच्या व्हॉल्व्हचे छोटे नियंत्रक तयार होतात. 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, दीड मीटरची वायर आणि तळहाताएवढा सर्किट बोर्ड, एवढाच पसारा. दर आठवड्याला तीन-चार बोर्ड मेलेले परत यायचे आणि प्रत्येकात एकच चिप जळालेली असायची, वीज आत घेणारा रेग्युलेटर. तो 16 व्होल्टपर्यंतचा होता आणि अ‍ॅडॅप्टर 12 चाच. मित्र म्हणाला, "अरे, शेतकरी सांगतात की पिन लावली आणि गेलं. पण आमच्याकडे टेबलावर एकही बोर्ड मरत नाही."

टेबलावर काम करणारी मुलं पिन आधी बोर्डात खोचत आणि मग भिंतीवरचं बटण दाबत. शेतावर अ‍ॅडॅप्टर सदैव चालू असायचा आणि पिन मागाहून लागायची. सगळं उत्तर या क्रमात होतं.

बटण दाबल्यावर अ‍ॅडॅप्टरचं व्होल्टेज काही मिलिसेकंदांत सावकाश चढतं. चालू अ‍ॅडॅप्टरची पिन लावली की मात्र रिकाम्या बोर्डावर पूर्ण 12 व्होल्ट एका झटक्यात येऊन आदळतात. इलेक्ट्रॉनिक्सवाले याला स्टेप म्हणतात, म्हणजे एकच उभी पायरी. अशा पायरीवर वायर आणि बोर्ड कसे वागतात ते तीन गोष्टी ठरवतात. बोर्डाच्या तोंडाशी असलेला सिरॅमिक कपॅसिटर, इथे 10 मायक्रोफॅरडचा, ही C. वायरीचं स्वतःचं इंडक्टन्स, दीड मीटरच्या दोन तारांना साधारण 1 मायक्रोहेन्री, ही L. आणि वायर, पिन, अ‍ॅडॅप्टर व कपॅसिटर यांचा मिळून रोध, सुमारे 0.1 ओम, ही R. तिन्ही एकामागे एक, एकाच वाटेवर.

स्कूटरचं पुढचं टोक दाबून सोडा. शॉकअप चांगला असेल तर ते वर येऊन थांबतं, आतलं तेल गळून गेलं असेल तर दोन-चार वेळा डुलतं. बोर्डावरही असंच घडतं. L म्हणजे गाडीचं वजन, ते चालू झालेला प्रवाह एकदम थांबू देत नाही. C म्हणजे स्प्रिंग. R म्हणजे तेल. कपॅसिटर 12 व्होल्टपर्यंत भरला त्या क्षणी वायरीतला प्रवाह जोरात वाहत असतो. त्याला थांबायला वेळ लागतो, तोवर तो कपॅसिटरमध्ये आणखी वीज ढकलत राहतो आणि व्होल्टेज 12 च्या पुढे निघून जातं.

ते पुढे जाईल की नाही, हे आधीच ओळखता येतं. एक सीमारेषेचा रोध काढायचा:

```
Rc = 2√(L/C)
```

आपल्या आकड्यांत L/C म्हणजे 1 भागिले 10, म्हणजे 0.1. त्याचं वर्गमूळ 0.316, दुप्पट 0.63 ओम. खरा रोध याहून कमी असेल तर व्होल्टेज उसळून हेलकावे खातं, ही अंडरडॅम्प्ड अवस्था. बरोबर तेवढाच असेल तर न उसळता शक्य तितक्या लवकर जागेवर येतं, ती क्रिटिकली डॅम्प्ड. जास्त असेल तर उसळी नाहीच, पण रेंगाळत पोचतं, ती ओव्हरडॅम्प्ड. ही तुलना 1853 मध्ये विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या काळातल्या लॉर्ड केल्विन यांनी, लेडन जारमधली वीज तारेतून कशी बाहेर पडते याचं गणित करताना मांडली होती.

या सूत्रात व्होल्टेज कुठेच नाही. 5 व्होल्टची पायरी असो वा 24 ची, प्रकार तोच राहतो, फक्त आकार बदलतो. दुसरी गोष्ट, प्रकार ठरवतो तो L आणि C यांचा भागाकार. त्यांचा गुणाकार घड्याळ ठरवतो, सगळं किती वेगात घडतं ते.

आपला रोध 0.1 आणि सीमा 0.63, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. अंडरडॅम्प्ड, आणि तेही चांगलंच. एवढ्या फरकाला उसळी सुमारे 60 टक्के येते, म्हणजे शिखर 19.3 व्होल्टवर. पिन लागल्यापासून 10 मायक्रोसेकंदांनी, सेकंदाच्या एक लक्षांशात. मल्टिमीटर इथे काहीच दाखवत नाही, तो निवांत 12 सांगतो. ऑसिलोस्कोप लावून, एकदाच पकडायच्या मोडवर ठेवून पिन लावली तेव्हा शिखर दिसलं, आणि ते 21 च्याही वर होतं. चिपची मर्यादा 16.

माझा हिशेब 19.3 म्हणत असताना प्रत्यक्षात जास्त का? कारण सिरॅमिक कपॅसिटरवर लिहिलेले 10 मायक्रोफॅरड शून्य व्होल्टचे असतात. अशा छोट्या कपॅसिटरवर दाब चढला की क्षमता घटते, कधी निम्म्यावर येते. C निम्मी झाली की सीमा 0.63 वरून 0.89 ओमवर जाते आणि आपला 0.1 आणखी तोकडा पडतो. सूत्र C स्थिर धरतं, खरा कपॅसिटर स्थिर नसतो. म्हणून अशा ठिकाणी सूत्रावरून प्रकार ओळखावा, शिखराचा आकडा मात्र मोजूनच घ्यावा.

मित्राला पहिला उपाय सुचला तो उदंड रोधाचा. "2 ओमचा रेझिस्टर टाकून देऊ की." 2 ओम म्हणजे सीमेच्या तिप्पट, ओव्हरडॅम्प्ड. उसळी संपते हे खरं. पण 12 च्या दोन टक्क्यांच्या आत यायला तेव्हा सुमारे 77 मायक्रोसेकंद लागतात, सीमेवरच्या रोधाला 18 पुरतात. आणि मला फार आवडणारी गोष्ट अशी की मूळच्या 0.1 ओमच्या बोर्डाचे हेलकावे विझायलाही जवळपास तेवढाच, 80 च्या आसपास वेळ लागतो. तेल फार कमी असो किंवा फार जास्त, उशीर सारखाच.

पण इथे खरी अडचण वेळेची नव्हती. एकाच वेळी दोन-तीन व्हॉल्व्ह उघडले की बोर्ड 2 अँपिअर ओढतो. 2 ओमवर 4 व्होल्ट खर्ची पडणार, आणि 8 वॉटची उष्णता त्या बंद डबीत. अगदी 0.53 ओम घालून बरोबर सीमेवर बसवलं तरी 2 वॉट कायम जळत राहणार. पिन लावतानाच्या एका लक्षांशासाठी दिवसभर भट्टी पेटवण्यात अर्थ नव्हता.

म्हणून रोध प्रवाहाच्या वाटेवर न ठेवता बाजूला ठेवला. सिरॅमिकच्या शेजारी, समांतर, 100 मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या पोटातच 0.3 ओमच्या आसपास रोध असतो, आणि एरवी दोष मानला जाणारा तोच रोध इथे तेलाचं काम करतो. व्हॉल्व्हचा कायमचा प्रवाह त्यातून जातच नाही. आता एकाच वाटेवरच्या तीन घटकांचं सर्किट उरलेलं नाही, त्यामुळे वरचं सूत्र जसंच्या तसं लावता येत नाही. पण √(L/C) चा आकडा, आपला 0.316, त्याचा रोध निवडायला अजूनही वाटाड्या ठरतो. अगदी कमी रोधाचा महागडा कपॅसिटर घेतला असता तर तेल पुन्हा कमी पडलं असतं.

स्कोपवर पुन्हा पिन लावली. 21 चं शिखर जाऊन 12 च्या थोडं वर एक बुटका उंचवटा उरला, त्यानंतर सपाट रेघ. मित्राने पिन काढली, बोर्ड रिकामा होऊ दिला, पुन्हा लावली, असं चाळीसेक वेळा केलं. मग टेबलावर काम करणाऱ्या मुलांना त्याने बोलावून सांगितलं, यापुढे प्रत्येक बोर्ड तपासताना भिंतीवरचं बटण आधी दाबायचं आणि पिन नंतर लावायची.