बिडी सोडली तं खोकला वाढला, असं का?



मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, अन् एका ताईनं विषय काढला. "आमच्या घरच्यांनी पंधरा दिवस झाले बिडी सोडली. तं खोकला कमी व्हायच्या जागी वाढलाच! आता म्हणतात, बिडीच बरी होती, छाती तरी मोकळी राहत होती." दोघी-तिघींनी माना हलवल्या. म्हणजे हे एका घरचं नाही.

उत्तर समजायला आधी सोयाबीनची मळणी आठवा. थ्रेशरजवळ दिवसभर उभं राहिलं की रात्री नाक शिंकरल्यावर काळं निघतं. सकाळी थुंकीतही माती दिसते. एक-दोन दिवसांनी सगळं साफ. कोणी साफ केलं?

मोठी धूळ नाकातच अडकते. त्याहून बारीक कण श्वासनळीत अन् तिच्या फांद्यांत उतरतात. या नळ्यांना आतून चिकट कफाचा पातळ थर असतो, त्यावर धूळ चिकटते. कफ आजारपणातच होतो असं आपण समजतो, पण थोडा कफ सगळ्यांच्याच छातीत रोज तयार होतो, तो याच कामासाठी. कफाच्या खाली पाण्यासारखा पातळ थर असतो, आणि त्यात उभे असतात केसांहून कितीतरी बारीक तंतू. नळीच्या एकेका पेशीवर सुमारे 200. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत.

गव्हाच्या शेतात वारा आला की ओंब्या एकामागून एक लवतात ना, तसे हे तंतू लवतात, सेकंदाला दहा-बारा वेळा. पुढे येताना ताठ होऊन टोकानं कफाला वर ढकलतात. मागे जाताना खालच्या पातळ थरातून वाकून जातात, म्हणून कफ परत खाली येत नाही. जिनिंगमधल्या पट्ट्यावरून माल सरकतो, तसा कफ धुळीसकट घशाकडे सरकत राहतो. मोठ्या श्वासनळीत त्याचा वेग मिनिटाला साधारण अर्धा सेंटिमीटर. ही नळी दहा-बारा सेंटिमीटरची, म्हणजे अर्धी वीत. तळाशी चिकटलेला कण वीस-पंचवीस मिनिटांत घशाशी येतो. खालच्या बारीक फांद्यांत वेग फार कमी, तिथल्या कणाला कितीतरी तास लागतात. घशाशी आलेला कफ आपण नकळत गिळतो, पोटात तो पचतो. खोकावंही लागत नाही.

आता बिडी. तिच्या धुरातले विषारी वायू या तंतूंची हालचाल मंदावतात. वर्षानुवर्षं ओढली तर तंतू आखूड होतात, कुठे कुठे तर पार नाहीसे होतात. त्याच वेळी धुरानं चिडलेली नळी कफ जास्त बनवते, तोही घट्ट. माल वाढला अन् पट्टा बंद पडला! मग साचलेलं बाहेर काढायला एकच उपाय उरतो, खोकला. साचलेल्या कफात जंतू वाढतात, म्हणून अशा माणसाची साधी सर्दीही लगेच छातीत उतरते.

रात्री सहा-सात तास बिडी नसते. तेवढ्यात तंतू थोडे सावरतात, कफ सुटायला लागतो, म्हणून बिडीवाल्याला सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची उबळ येते. पहिल्या बिडीचा धूर घशाला डिवचतो, आणखी खोकला येतो, बेडका पडतो. त्याला वाटतं, बिडीनं छाती मोकळी केली.

ताईच्या घरी तेच मोठ्या प्रमाणात चाललं असावं. बिडी थांबली, तंतू कामाला लागले, अन् जुना साठा वर येऊ लागला. सगळ्यांना असं होत नाही. ज्यांना होतं त्यांचा हा खोकला काही आठवडे राहतो, मग उतरतो. नेमकं याच दिवसांत माणूस घाबरून पुन्हा बिडी पेटवतो. तेव्हा खोकला दाबायचं औषध मनानं आणून देऊ नका, कफ बाहेर पडू द्या.

पण सगळंच भरून येत नाही, हेही सांगते. फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या हवेच्या पिशव्यांत हे तंतू नसतातच. तिथली खराबी बिडी सोडल्यावर वाढायची मंदावते, गेलेलं परत येत नाही. म्हणून चाळिशीत सोडणं अन् साठीत सोडणं यात फरक पडतो.

आणि बायांनो, आपण बिडी ओढत नाही म्हणून सुटलो असं नाही. बंद खोलीत पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूरही याच नळ्यांतून जातो. खर्ऱ्याचं दुखणं वेगळं, त्यावर पुन्हा कधी.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर "बिडी सोडली म्हणून असेल" असं धरून बसू नका, टीबीसाठी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. बेडक्यात रक्त दिसलं, ताप राहिला, वजन उतरलं किंवा चार पावलं चालून दम लागला, तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. त्या ताईला मी हेच सांगितलं. बिडी थांबवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला लावली, म्हणजे आठवडे नेमके मोजता येतील.