सरळ केसांना फोटोत वळण देताना

सरळ केसांच्या फोटोत कुरळेपणा आणायचा म्हटलं की बहुतेक जण फोटोशॉपमधलं Liquify उघडतात, त्यातलं गरगर फिरवणारं हत्यार उचलतात आणि केसांवर दहा-बारा ठिकाणी भोवरे काढतात. अर्ध्या मिनिटात केस वळलेले दिसतात आणि पुढच्याच क्षणी काहीतरी बिनसल्याचंही दिसतं. आकार कुरळा झालेला असतो, पण उजेड सरळ केसांचाच राहिलेला असतो. लग्नाच्या अल्बमसाठी असलं काम करून देणाऱ्या पुष्कळ जणांची गाडी इथेच अडते. ते आकारावर तासभर घालवतात आणि उजेडाकडे बघतही नाहीत.

सरळ, तेल लावून विंचरलेले केस आठवा. डोक्याच्या वरच्या भागात एक चकाकणारा आडवा पट्टा दिसतो. केस तर वरपासून खालपर्यंत सारखेच असतात, मग चमक तेवढ्याच जागी का? केस म्हणजे बारीक, गुळगुळीत दंडगोल. उजेड येतो ती दिशा आणि कॅमेरा आहे ती दिशा, या दोन्हींच्या बरोबर मधून एक रेष काढली तर जिथे केस त्या रेषेला काटकोनात असतो तिथेच तो चमकतो. डोक्याच्या गोलाईवरून उतरताना सरळ केसांना हा कोन साधारण एकाच उंचीवर मिळतो, म्हणून एकच पट्टा दिसतो. केसांना लाट आली की तोच केस खाली जाता जाता वारंवार या कोनात येतो आणि वारंवार त्यातून बाहेर पडतो. त्यामुळे पट्टा मोडतो आणि प्रत्येक बटेवर, प्रत्येक वळणावर चमकेचा वेगळा तुकडा उमटतो. कुरळ्या केसांची ओळख डोळ्याला पटते ती मुख्यतः या तुकड्यांमुळे.

म्हणून कामाची सुरुवात वळणापासून होत नाही. आधी तो जुना पट्टा बुजवायचा. केसांच्या थरावर Curves चा थर चढवून फक्त पट्ट्यापुरता उजेड खाली आणायचा, तोही पूर्ण काळा न करता शेजारच्या केसांइतकाच. पट्टा तसाच ठेवून केस वळवले तर तो पट्टाही नागमोडी होतो, आणि असली नागमोडी चमक कुठल्याच खऱ्या डोक्यावर दिसत नाही.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. कमरेपर्यंतचा फोटो आहे, उंची ४००० पिक्सेल. खिडकी डावीकडे, जरा वर. केस काळे, सरळ, खांद्याच्या खाली उतरलेले. फोटोत एक सेंटिमीटर म्हणजे किती पिक्सेल, हे आधी कळायला हवं. त्यासाठी डोळ्याचं बुबुळ कामाला येतं. मोठ्या माणसांच्या डोळ्यातला रंगीत गोल जवळजवळ सगळ्यांचा सारखाच, सुमारे १२ मिलिमीटर रुंद असतो. आपल्या फोटोत तो ६० पिक्सेल भरला, म्हणजे एका सेंटिमीटरला ५० पिक्सेल.

या मापाची पहिली गरज लांबीसाठी लागते. केस वळले की ते आखूड दिसतात. आठ सेंटिमीटरला एक लाट, आणि लाटेची डावी-उजवी झेप मिळून दोन सेंटिमीटर, अशी मोकळी लाट धरली तर त्या वाटेवरून जाणाऱ्या केसाला सुमारे १५ टक्के जास्त लांबी लागते. डोळ्यांच्या रेषेपासून खालचा ३० सेंटिमीटर केस लाटदार करायचा असेल तर तो २६ सेंटिमीटरमध्येच संपेल. टोकं चार सेंटिमीटर, म्हणजे २०० पिक्सेल वर आलीच पाहिजेत. ती जागच्या जागी ठेवली तर मधले केस ताणले जातात आणि त्यांचा पोत रबरासारखा पातळ दिसू लागतो. टोकं वर घेतली की त्यांच्याखाली झाकलेला ड्रेस किंवा मागची भिंत उघडी पडते. ती आधीच वेगळ्या थरावर रंगवून ठेवलेली बरी, नाहीतर शेवटी तीच डोकेदुखी होते.

लाट देण्यासाठी अख्खे केस एकदम पकडू नयेत. एका बाजूचे केस दहा-बारा बटांमध्ये सोडवायचे. काही बटा बोटाएवढ्या, काही तीन बोटं रुंद, आणि प्रत्येक बट स्वतंत्र थरावर. मग एकेका थरावर Puppet Warp घ्यायचं आणि बटेच्या लांबीवर टाचण्या ठेवायच्या. पहिली टाचणी मुळाशी, तिला हात लावायचा नाही. केसांच्या स्वतःच्या वजनानं मुळाजवळचा भाग बराचसा सरळच राहतो, वळण सुरू होतं ते साधारण डोळ्यांच्या किंवा गालाच्या उंचीपासून. त्याखालच्या टाचण्या आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे सरकवायच्या. टाचणी निवडून Alt दाबलं की ती जागेवरच फिरवता येते आणि वळण कोनात न मोडता गोल येतं. फोटोशॉप नसेल तर विनामूल्य मिळणाऱ्या GIMP मध्ये Warp Transform आहे. त्याला वेळ जास्त लागतो, पण बटा सुट्या केलेल्या असतील तर काम होतं.

वळणांच्या मापातला वेगळेपणा कुठून आणायचा? मनाला येईल तसा आणला तर तोही खोटाच दिसतो. पातळ बट लवकर वळते, जाड बट आपल्याच वजनानं खाली ओढली जाते. म्हणून रुंद बटांना आठ-नऊ सेंटिमीटरची लाट द्यावी, चेहऱ्याजवळच्या पातळ बटांना पाच-सहाची, आणि एकाच बटेतही टोकाकडे जाताना लाट जराशी लहान करावी, कारण टोकाला ओढणारं वजन उरत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या दोन बटा एकाच उंचीवर एकाच दिशेला वळू देऊ नयेत. तसं झालं की केसांऐवजी पन्हाळी पत्रा दिसायला लागतो. एक-दोन बटा मुद्दाम जवळजवळ सरळ सोडाव्यात.

मग उजेड. खिडकी डावीकडे वर आहे हे डोक्यात पक्कं ठेवायचं. सगळ्यात वर एक नवा थर घ्यायचा, तो ५० टक्के करड्या रंगानं भरायचा आणि त्याचा मोड Overlay करायचा. करडा रंग दिसेनासा होतो. त्यावर मऊ पांढऱ्या ब्रशनं उजळ करता येतं, काळ्यानं गडद. ब्रशचा Flow तीन-चार टक्क्यांच्या वर नको. आता एक बट घ्या. लाटेत दोन प्रकारचे उतार असतात. एक वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारा, दुसरा वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारा. पहिल्या उताराचं तोंड खिडकीकडे, त्यामुळे चमक त्याच्या मध्यावर. दुसरा उतार खिडकीला पाठ करून, तो गडद. म्हणजे प्रत्येक बटेवर एकाआड एक उतार उजळ. एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं. डोक्याच्या उजव्या, सावलीतल्या बाजूला क्रम हाच राहतो, फक्त चमक पुसट होते.

चमकेच्या तुकड्याला कडा आखू नयेत. बटेच्या मध्यावर तो रुंद आणि उजळ, दोन्ही काठांकडे विरत जाणारा हवा. प्रत्यक्षात ब्रशचे फटकारे बटेच्या लांबीच्या दिशेनं, केसांच्या ओळीनंच मारायचे, पण असे अनेक छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवून मिळणारा आकार बटेला आडवा दिसला पाहिजे. थेट आडवा फटकारा मारला तर केसांवर चुना लावल्यासारखा डाग उमटतो.

चमकेचा रंगही दुहेरी असतो. केसाच्या पृष्ठभागावर खवले असतात, ते टोकाकडे किंचित कललेले. पृष्ठभागावरूनच परतलेल्या उजेडाची चमक रंगहीन असते आणि या कलामुळे टोकाकडे सरकते. केसाच्या आत शिरून मागच्या भिंतीवरून परतलेला उजेड केसाचा रंग घेऊन येतो आणि त्याची चमक मुळाकडे सरकते. संगणकावर केस रंगवण्याच्या शास्त्रात हा भेद स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नीट मांडला. आपल्यापुरता अर्थ सोपा आहे. काळ्या केसांवर पांढरट, खिडकीतून आभाळाचा उजेड येत असेल तर किंचित निळसर चमक द्यावी आणि तिच्या थोडं वर, मुळाच्या बाजूला, तपकिरी रंगाची अगदी हलकी झाक.

सावल्या दोन प्रकारच्या लागतात. बट बटेवर पडते तिथे काठालगत अरुंद आणि गडद, आणि केसांची मानेवर व खांद्यावर पडणारी रुंद आणि मऊ. जुन्या सरळ केसांची मानेवरची सरळ सावली तशीच राहून जाणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. आकार, चमक सगळं जमलेलं असतं आणि गळ्यावर मात्र भलत्याच केसांची सावली.

शेवटी सुटे, भुरभुरणारे केस. इथे पुन्हा माप उपयोगी पडतं. केस सुमारे ०.०७ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्या फोटोत एका पिक्सेलच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका. तीन पिक्सेलच्या ब्रशनं काढलेला ‘केस’ खरं तर अर्ध्या मिलिमीटरहून जाड दोरा होतो. एक पिक्सेलचा ब्रश, Opacity तीस-चाळीस टक्के, आणि तेही बाहेरच्या काठावर मोजकेच.

तपासायचं कसं? फोटो काळापांढरा करून अंगठ्याच्या नखाएवढा लहान करा. एवढ्या मापात आकार कळेनासे होतात आणि फक्त उजेड-अंधार उरतो. तिथेही केस लाटदार वाटले तर उजेड जमला. एखादी बट त्या चित्रात सपाट काळी राहिली किंवा सगळ्या चमका एकाच रेषेत आल्या तर करड्या थरावर परत जा. मग मूळ मापात येऊन डूल, कान आणि मागच्या दारा-खिडक्यांच्या चौकटी बघा. Liquify वापरलं असेल तर यातलं काहीतरी वाकडं झालेलं सापडतंच.

हे सगळं मोकळ्या लाटांसाठी. स्प्रिंगसारखी घट्ट वळणं हवी असतील तर ही पद्धत पुरी पडत नाही. स्प्रिंगमध्ये बट स्वतःभोवती फिरते, अर्धा वेढा पुढे येतो आणि अर्धा मागे जाऊन झाकला जातो. नुसतं डावी-उजवीकडे सरकवून ते मिळत नाही, प्रत्येक वेढा नव्यानं रंगवावा लागतो. शिवाय दोन सेंटिमीटर रुंदीच्या आणि पाच सेंटिमीटरला एक वेढा असलेल्या स्प्रिंगमध्ये ३० सेंटिमीटर केस जेमतेम १९ सेंटिमीटर उतरतो. म्हणजे खांद्याखालचे केस बरेच वर येतात आणि फोटोतला माणूसच वेगळा दिसतो. केस पाठीमागे सोडलेले किंवा बांधलेले असतील तर वळवायला साहित्यच नसतं. अशा वेळी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं की मोकळी लाट देता येईल, पण घट्ट कुरळे केस हवे असतील तर पार्लरमधून केस करून या, त्याच खिडकीपाशी फोटो पुन्हा काढू. ते स्वस्तही पडतं.