साइट हलली, पण पत्ता जुनाच!

फेस्टच्या आधी आम्ही साइट एका होस्टिंगवरून दुसऱ्या होस्टिंगवर हलवली. शनिवारी रात्री १० वाजता नवा आयपी टाकला, मोबाइल डेटावर नवी साइट उघडली, आणि आम्ही खुशाल चहाला गेलो. ११ला परत येऊन बघतो तर हॉस्टेलच्या वायफायवर जुनीच साइट! रिफ्रेश मारून बोटं दुखली. त्याहून वाईट म्हणजे काही मुलांची नावं जुन्या सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये जात होती.

सगळे म्हणतात, "थांब, बदल पसरायला वेळ लागतो." खरं तर काहीच पसरत नसतं. ब्राउझर आयपी विचारतो तो रिझॉल्व्हरला. रिझॉल्व्हर आपल्या डोमेनच्या नेमसर्व्हरला विचारतो आणि मिळालेलं उत्तर जपून ठेवतो. किती वेळ जपायचं ते उत्तरासोबतच लिहिलेलं असतं, त्याला टीटीएल म्हणतात. आमचा होता ८६४०० सेकंद, म्हणजे २४ तास. तेवढ्या वेळात तो पुन्हा विचारायला येतच नाही. हॉस्टेलच्या रिझॉल्व्हरने आमच्या बदलाच्या एक तास आधी, ९ला विचारलं होतं. मोबाइलवाल्याने बदलानंतर विचारलं, म्हणून त्याला लगेच नवं मिळालं.

हे ओळखायचं कसं? रात्री ११ला आम्ही हे चालवलं (नाव आणि आयपी इथे बदललेत):

```
dig fest.example A
fest.example.  79200  IN  A  192.0.2.10
```

मधला आकडा म्हणजे उरलेले सेकंद. ७९२०० म्हणजे २२ तास, म्हणजे रविवारी रात्री ९ पर्यंत वाट बघा! पण त्याआधी थेट आपल्या नेमसर्व्हरला विचारा:

```
dig @ns1.fest.example fest.example A
```

इथेही जुना आयपी आला तर चूक आपलीच, वाट बघून काही होणार नाही. `ipconfig /flushdns` करायला सगळे सांगतात, पण त्याने फक्त आपल्या पीसीची आठवण पुसते, रिझॉल्व्हरची नाही.

आमची चूक ही की टीटीएल शनिवारी रात्री, आयपीसोबतच कमी केला. तोपर्यंत जुनं उत्तर २४ तासांच्या मुदतीने बाहेर गेलेलं होतं, ते परत बोलावता येत नाही. शुक्रवारी रात्री १० च्या आधी टीटीएल ३०० केला असता, तर शनिवारी पाच मिनिटांत बहुतेक काम झालं असतं. काही रिझॉल्व्हर मात्र छोटा टीटीएल जुमानत नाहीत, म्हणून जुना सर्व्हर आणखी दोन-तीन दिवस चालू ठेवावा, फक्त त्यावरचा फॉर्म बंद करावा. नेमसर्व्हरच बदलणार असाल तर गोष्ट वेगळी. .com मध्ये ती नोंद ४८ तासांची असते आणि ती कमी करणं आपल्या हातात नाही.

रविवारी रात्री जुन्या डेटाबेसमधून १७ नावं काढून नव्या यादीत हाताने टाकली. त्यात माझा रूममेटही होता, तो दुपारपासून विचारत होता की त्याचं नाव यादीत का नाही.