एक्स-रेतला पांढरेपणा: कुत्र्याचा खोकला हृदयाचा की श्वासनलिकेचा?

पोमेरेनियनसारख्या लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला खोकला लागला, की डॉक्टरांच्या मनात दोन संशय येतात. एक म्हणजे हृदयाची झडप गळू लागली आहे आणि फुफ्फुसात पाणी साचतंय. दुसरा म्हणजे श्वासनलिकेच्या फांद्यांना कायमची सूज आली आहे. पहिल्यात लघवीचं औषध कुत्र्याचा जीव वाचवतं. दुसऱ्यात त्याच औषधाने अंगातलं पाणी उगीच कमी होतं, कफ घट्ट होतो आणि खोकला तसाच राहतो. हा फरक करण्यासाठी छातीचा एक्स-रे काढतात, पण रिपोर्टमधलं ‘फुफ्फुस पांढरं दिसतंय’ एवढं वाक्य त्यासाठी पुरत नाही. पांढरं नेमकं काय झालंय आणि ते कुठे आहे, हे बघावं लागतं.

निरोगी फुफ्फुस एक्स-रेवर काळं दिसतं, कारण त्यात हवा असते. त्या काळ्यात रक्तवाहिन्यांच्या करड्या रेषा स्पष्ट दिसतात. फुफ्फुसात तीन जागी पांढरेपणा येऊ शकतो: हवा वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या भिंतीत, हवा साठवणाऱ्या वायुकोशांत, किंवा या दोहोंना धरून ठेवणाऱ्या मधल्या पातळ ऊतीत. त्यावरूनच ब्रॉन्कियल, अल्व्हिओलर आणि इंटरस्टिशियल अशी नावं पडली.

अकरा वर्षांच्या एका पोमेरेनियनचं उदाहरण घेऊ. त्याला काही महिन्यांपासून कोरडा खोकला आहे. गळ्यातला पट्टा ओढला किंवा तो आनंदाने उड्या मारू लागला, की खोकल्याची उबळ येते. स्टेथोस्कोप लावला तर डाव्या बाजूला हृदयाचा ‘मर्मर’ ऐकू येतो. भूक मात्र चांगली आहे, आणि झोपेत तो मिनिटाला बावीस श्वास घेतो.

आडव्या एक्स-रेत त्याचं हृदय मोठं दिसतं. ते मोजायची पद्धत अशी: हृदयाची लांबी आणि रुंदी घ्यायची, दोन्ही मापं छातीच्या चौथ्या मणक्यापासून मागे पाठीच्या कण्यावर धरायची आणि किती मणके भरतात त्याची बेरीज करायची. बहुतेक कुत्र्यांत ती साधारण 8.5 ते 10.5 येते, पोमेरेनियनमध्ये थोडी जास्त असली तरी चालते. याची 11.6 आली. डावं कर्णिक फुगून वरच्या श्वासनलिकेला टेकलं आहे.

इथेच ‘हृदयाचा खोकला’ म्हणून लघवीची गोळी सुरू करायचा मोह होतो. पण फुफ्फुसाकडे नीट पाहायला हवं. त्याची पार्श्वभूमी काळीच आहे आणि रक्तवाहिन्यांच्या कडा स्वच्छ आहेत. पुढच्या लोबमध्ये धमनी आणि शीर शेजारी-शेजारी दिसतात, त्यांची जाडी सारखी आहे. डाव्या बाजूला दाब वाढून रक्त तुंबलं असतं, तर बऱ्याचदा शीर धमनीपेक्षा जाड दिसली असती. जादा पांढरेपणा आहे तो फक्त नळ्यांच्या भिंतीत. नळी समोरून दिसते तिथे पांढरं कडं आणि मध्ये काळं भोक. नळी आडवी जाते तिथे दोन समांतर पांढऱ्या रेघा. रेडिओलॉजीत यांना ‘डोनट’ आणि ‘ट्रामलाइन’ म्हणतात. हा ब्रॉन्कियल पॅटर्न.

म्हणजे हृदय मोठं आहे हे खरं, पण फुफ्फुसात पाणी नाही. खोकला नळ्यांच्या सुजेमुळे येतोय, आणि वर फुगलेल्या कर्णिकाचा दाबही आहे. जुनाट ब्रॉन्कायटिस किंवा ॲलर्जी हा पहिला विचार. हृदय एवढं वाढलं असेल तर त्याचं औषध लागू शकतं, ते इको करून ठरतं. पण लघवीचं औषध आत्ता नको. एक पथ्य मात्र पाळायचं: वय वाढलं की नळ्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसतं आणि निरोगी कुत्र्यातही बारीक, रेखीव कडी दिसतात. आजारात कडी जाड आणि अस्पष्ट असतात. उलट ब्रॉन्कायटिस असूनही एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो, म्हणून नुसत्या ‘नॉर्मल’ रिपोर्टवरून तो आजार नाही असं म्हणता येत नाही.

आता समजा, चार महिन्यांनी हाच कुत्रा रात्री आडवा व्हायला तयार नाही. मान पुढे ताणून बसतोय आणि झोप लागली तरी मिनिटाला पन्नासच्या वर श्वास चाललेत. अशा कुत्र्याला एक्स-रेसाठी पाठीवर उलटं करायचं नाही, त्यात जीव जाऊ शकतो. आधी ऑक्सिजन द्यायचा, मग पोटावर बसवूनच फोटो घ्यायचा.

या वेळी हृदयाच्या मागे आणि वर, मोठ्या नळ्या फुटतात त्या भागात, धूसरपणा आहे. रक्तवाहिन्या आहेत, पण कडा पुसट झाल्या आहेत. हा इंटरस्टिशियल पॅटर्न: पाणी अजून मधल्या ऊतीत आहे. काही ठिकाणी तेच पाणी वायुकोशांत उतरलंय आणि तिथे रक्तवाहिन्या दिसेनाशाच झाल्यात. उरल्या आहेत त्या पांढऱ्या पट्ट्यातून फांद्यांसारख्या जाणाऱ्या काळ्या रेषा, म्हणजे अजून हवा असलेल्या नळ्या. याला ‘एअर ब्रॉन्कोग्राम’ म्हणतात, आणि ती अल्व्हिओलर पॅटर्नची सगळ्यात भरवशाची खूण. शीर आता धमनीपेक्षा जाड झाली आहे. हे हृदयामुळे झालेलं पाणी. लघवीचं इंजेक्शन आता लगेच हवं.

अल्व्हिओलर पांढरेपणा म्हणजे वायुकोशांत हवेच्या जागी दुसरं काहीतरी भरलंय, एवढंच. ते पाणी आहे, पू आहे की रक्त, हे रंगावरून कळत नाही. जागेवरून अंदाज येतो. तोच पांढरेपणा खाली आणि पुढे, विशेषतः उजव्या मधल्या लोबमध्ये असेल आणि कुत्र्याला आदल्या दिवशी उलट्या झाल्या असतील, तर उलटी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाल्याचा संशय घ्यावा. हा लोब कुत्र्याला डाव्या कुशीवर झोपवून काढलेल्या फोटोत चांगला दिसतो, कारण उजवं फुफ्फुस वर येऊन त्यात हवा भरते. विजेची वायर चावलेल्या किंवा फिट येऊन गेलेल्या कुत्र्यात पाणी मागच्या-वरच्या भागात साचतं आणि हृदयाचा आकार बहुधा नॉर्मल असतो. पांढऱ्या बाजूकडे हृदय सरकलं असेल, तर तो भाग भरलेला नसून आकसलेला आहे. बेशुद्ध कुत्रा बराच वेळ एका कुशीवर राहिला की असं होतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो इंटरस्टिशियल पॅटर्न. फोटो श्वास सोडताना निघाला, कुत्रा लठ्ठ असला किंवा एक्स-रेची मात्रा कमी पडली, तर निरोगी फुफ्फुसही धूसर दिसतं. म्हणून रिपोर्टमध्ये ‘सौम्य इंटरस्टिशियल बदल’ वाचून घाबरण्याआधी फोटो पूर्ण श्वास घेतलेला होता का, हे विचारावं. खरा आजार असेल तर त्याची यादी लांब आहे: सुरुवातीचं पाणी, विषाणूचा संसर्ग, लेप्टोस्पायरोसिसमधला रक्तस्राव, फायब्रोसिस. याचाच वेगळा प्रकार म्हणजे गाठी. स्तनाची गाठ असलेल्या मादीत ऑपरेशनआधी दोन्ही कुशींवरचे आणि एक उभा, असे तीन फोटो काढायलाच हवेत, कारण खालच्या, दबलेल्या फुफ्फुसातली छोटी गाठ एका फोटोत लपून जाते.

पोमेरेनियनच्या बाबतीत मालकाने घरी ठेवायचं माप सोपं आहे: गाढ झोपेत मिनिटाला तीसपेक्षा कमी श्वास. तो आकडा त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा वाढत गेला, तर खोकल्याची वाट न बघता फोटो काढावा. आणि इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा काढलेल्या फोटोत तो धूसरपणा निवळला असेल तर ते हृदयाचंच पाणी होतं. न्यूमोनिया इतक्या लवकर निवळत नाही.