बाळ उचलताना मनगट का दुखते?

ओपीडीत आलेल्या त्या मुलीने बाळ स्वतःच्या नव्हे, तर आईच्या कडेवर दिले होते. वय सत्तावीस, पहिले बाळंतपण, बाळ साडेतीन महिन्यांचे. उजव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूने दुखत होते आणि हे दुखणे बाळ दीड महिन्याचे असताना सुरू झाले होते. "बाळाला उचलायला गेले की कळ येते आणि हातातला जोरच जातो. हातातून पडेल की काय, अशी भीती वाटते," ती म्हणाली. तिच्या आईचे निदान तयार होते: बाळंतपणात गार पाण्यात हात घातले, वात धरला. मालीशवाल्या बाईंनी रोज तिथे जोर लावून चोळले, त्याने दुखणे वाढलेच. कोणी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, कोणी अंगावरचे दूध बंद करायला सांगितले.

मी तिला टेबलावर ठेवलेले बाळ नेहमी उचलते तसे उचलायला सांगितले. तिने दोन्ही अंगठे बोटांपासून काटकोनात फाकवले, बाळाच्या दोन्ही काखांत घातले आणि उचलले. बाळाचे वजन सहा किलो. वजन हातावर येताच तिची मनगटे करंगळीच्या दिशेने झुकली आणि तिने दात आवळले. निम्मे निदान तिथेच झाले.

अंगठा बाजूला फाकवणाऱ्या आणि ताठ करणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला जे हाडाचे टोक बोटाला लागते त्यावरून जातात. तिथे त्यांच्यावर एक चिवट पट्टा असतो, त्यामुळे हाड आणि पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा तयार होतो. पायजम्याच्या नेफ्यात नाडी असते तशा या दोऱ्या त्या बोगद्यात सरकतात. नेफ्याचे कापड जाड झाले, तर नाडी अडकते. इथेही तेच होते. बोगद्याचे आवरण जाड होते, आतली जागा कमी होते आणि प्रत्येक हालचालीला दोऱ्या घासतात. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते.

अंगठा फाकलेला असताना मनगट करंगळीकडे झुकले, की त्या बोगद्यात ताण सर्वांत जास्त येतो. बाळाच्या काखेत हात घालून उचलताना नेमके हेच घडते, तेही दिवसातून कितीतरी वेळा. बाळाचे वजन महिन्यागणिक वाढत जाते, आईच्या मनगटाला मात्र विश्रांती नसते. दूध पाजताना बाळाचे डोके तळहातावर तोलून मनगट वीस-पंचवीस मिनिटे वाकवून ठेवणे आणि दुपटी, लंगोट पिळणे हेही त्यात भर घालते. बाळंतपणानंतर शरीरातल्या संप्रेरकांचा आणि अंगात साठणाऱ्या पाण्याचाही यात वाटा असावा, असे मानले जाते. पण उपचार करताना मला हातात धरता येते ते कारण उचलण्याचेच.

तपासणीत तिच्या त्या हाडाच्या टोकावर थोडी सूज होती आणि तिथे बोट टेकवताच ती कळवळली. मग अंगठा मुठीत बंद करून मनगट हळूच करंगळीच्या दिशेने वाकवायला सांगितले. उजवीकडे तीव्र कळ आली, डावीकडे फक्त ओढ जाणवली. अशी ओढ निरोगी हातातही लागते, त्यामुळे घरी करून पाहिलेत तर दोन्ही हातांची तुलना करा आणि जोर लावू नका. या दुखण्यासाठी सहसा एक्स-रे लागत नाही. मात्र हातावर पडल्यानंतर दुखू लागले असेल, तर तो काढावा. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तर नस दबलेली असू शकते. दोन्ही हातांचे अनेक सांधे सुजले असतील आणि सकाळी तासभर आखडत असतील, तर संधिवाताची तपासणी हवी, कारण तो बाळंतपणानंतर कधी कधी डोके वर काढतो. आणि मनगट लाल, गरम होऊन ताप आला, तर थांबूच नये.

पहिला उपचार म्हणजे उचलण्याची पद्धत बदलणे. अंगठा बोटांना चिकटवून ठेवायचा, तळहात वर करायचे, एक हात बाळाच्या ढुंगणाखाली आणि दुसरा मान-खांद्याखाली सरकवायचा. स्वतः वाकून बाळ आधी छातीशी घ्यायचे आणि मगच उठायचे. भार मनगटावर न येता कोपरापर्यंतच्या हातावर आला पाहिजे. पाजताना बाळाखाली उशी घ्यायची. तिने हे माझ्यासमोर चार-पाच वेळा करून पाहिले. दोन दशकांपूर्वी मी अशा बायकांना गोळ्या लिहून देऊन परत पाठवत असे आणि त्या पुन्हा येत. त्या बाळ कसे उचलतात, हे मी पाहिलेच नव्हते.

दुसरा उपचार पट्ट्याचा. तिने औषधाच्या दुकानातून मनगटाला गुंडाळायचा साधा पट्टा आणला होता. त्यात अंगठा मोकळाच राहतो, म्हणजे ज्या दोऱ्यांना विश्रांती हवी त्या हलतच राहतात. पट्टा मनगटासह अंगठ्याच्या बुडाला आधार देणारा हवा. अंगठ्याचे टोक वाकले तरी चालते. आंघोळ आणि हात धुणे सोडून तो तीन ते सहा आठवडे वापरायचा. चोळणे बंद. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. पण या गोळ्यांनी कळ कमी होते, जाड झालेले आवरण पातळ होत नाही. कॅल्शियमचा इथे संबंध नाही. दूध बंद करण्याची तर मुळीच गरज नाही.

चार आठवड्यांनी ती आली तेव्हा दुखणे निम्म्यावर आले होते, पण बाळ आता सात किलोंचे झाले होते आणि पट्टा काढला की कळ येतच होती. तेव्हा अस्थिरोग विभागातल्या सहकाऱ्याने त्या बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. सुई कंडरेत न घुसता तिच्याभोवतीच्या आवरणात गेली पाहिजे. 'स्टेरॉइड' म्हटल्यावर तिची आई दचकली. मात्रा अगदी थोडी, एकाच जागी दिलेली असते आणि त्यानंतर अंगावर पाजणे सुरू ठेवता येते. पहिले एक-दोन दिवस दुखणे वाढू शकते. सुई टोचल्याच्या जागी कातडी पांढुरकी पडू शकते किंवा थोडा खड्डा पडू शकतो. आपल्या सावळ्या वर्णावर तो डाग उठून दिसतो, म्हणून हे आधीच सांगावे. मधुमेह असेल, तर काही दिवस साखर वाढते, तेही सांगावे लागते.

बहुतेकींना इंजेक्शनने आराम पडतो. काहींच्या बोगद्यात मधे पडदा असतो, एक दोरी वेगळ्या खोलीत असते आणि औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी सोनोग्राफीत पाहून पुन्हा इंजेक्शन देता येते. त्यानेही भागले नाही तर छोटी शस्त्रक्रिया करतात. जागा बधिर करून बोगद्याचे छप्पर उघडतात. तिथूनच अंगठ्याच्या पाठीला संवेदना देणारी बारीक नस जाते, तिला जपावे लागते. तिला दुखापत झाली, तर बधिरपणा किंवा चुरचुर मागे राहते.

आमच्या या मुलीला शस्त्रक्रिया लागली नाही. इंजेक्शननंतर तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा पट्टा पिशवीत होता आणि बाळ तिच्याच कडेवर होते. ते खाली ठेवताना तिचे अंगठे बोटांना चिकटलेले आहेत ना, हे मी पाहिले. एक चिकटलेला होता, दुसरा पुन्हा फाकला होता. तो तिला दाखवला.